विकलजाचा आलेख आणि नियमाचे पाठांतर

फलनाच्या आलेखाखाली त्याच्या विकलजाचा आलेख काढण्यात विद्यार्थ्यांचा वेळ फुकट जातो, विकलज कोठे शून्य होतो ते काढावे, द्वितीय विकलजाचे चिन्ह पाहावे आणि निकाल लिहून मोकळे व्हावे, आकृती ही निव्वळ शोभेची बाब होय, असे प्रतिपादन एका गणिताध्यापकांनी नुकतेच केले. आकृती म्हणजे सिद्धता नव्हे, हा त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. परीक्षेत वेळ पुरत नाही, ही तक्रार त्यांनी परीक्षकांकडे गुदरावी.

परंतु नियम पुरेसा आहे, हे त्यांचे मूळ म्हणणेच टिकत नाही. दाखल्यासाठी f(x) = x⁴ − 4x³ हे फलन घ्या. त्याचा विकलज 4x²(x − 3) हा 0 आणि 3 येथे शून्य होतो. द्वितीय विकलज 12x(x − 2) हा 3 पाशी धन असल्याने तेथे लघुतम मूल्य आहे, हे नियम सांगतो. पण 0 पाशी तोही शून्य होतो आणि नियम मूक होतो. मग विद्यार्थी त्याच्याकडून जुलमाने जबाब वदवून घेतो, की द्वितीय विकलज शून्य आहे त्याअर्थी येथे वक्राचा बाक बदलतो. या फलनापुरते ते उत्तर योगायोगाने खरे ठरते. x⁴ ला तोच तर्क लावला तर ते साफ चुकते, कारण तेथे 0 पाशी लघुतम मूल्य आहे.

आता वरच्या वक्राखाली विकलजाचा आलेख काढा. तो डावीकडे क्ष-अक्षाच्या खालून वर येतो, 0 पाशी अक्षाला केवळ स्पर्श करतो आणि पुन्हा खाली वळतो. म्हणजे उतार ऋण होता, एका बिंदूपुरता शून्य झाला आणि पुन्हा ऋण झाला, म्हणून वरचा वक्र तेथे सपाट होऊनही उतरतच राहतो. 3 पाशी हा आलेख अक्षाला छेदून वर जातो, आणि वरचा वक्र −27 या मूल्यावर तळ गाठून चढू लागतो. x⁴ चा विकलज 4x³ हा 0 पाशी अक्ष छेदतो, म्हणून तेथे तळ आहे. स्पर्श की छेद, एवढ्यावर वळणबिंदूचा फैसला होतो.

बाकाचे ज्ञानही खालच्याच आलेखातून होते. 0 ते 2 पर्यंत तो घसरतो, तेथे वरचा वक्र अधोमुख वाकतो. 2 च्या पुढे तो चढतो, तेथे वक्र ऊर्ध्वमुख होतो. खालच्या आलेखाचा 2 पाशी असलेला तळ म्हणजे वरच्या वक्राचा तळ नव्हे; 0 ते 3 या टप्प्यात वरचा वक्र तेथे सर्वांत तीव्रतेने उतरतो, इतकेच. वरच्या वक्राची उंची मात्र खालून कळत नाही, कारण फलनात 5 मिळवले तरी विकलज तोच राहतो.

अध्यापकांनी दोन्ही आलेखांना क्ष-अक्षाचे एकच प्रमाण द्यावे, 0, 2 आणि 3 यांतून उभ्या रेषा दोहोंना छेदून न्याव्यात, आणि मगच नियम सांगावा.