रात्री दीडची डोकेदुखी आणि ऑक्सिजनचे सिलिंडर

एखाद्याचे डोके रोज रात्री दीडच्या सुमारास फुटायला लागले, दोन-अडीचला शांत झाले आणि दुसऱ्या रात्री पुन्हा दीडलाच सुरू झाले, तर आपल्या मोहल्ल्यात त्याचा अर्थ लगेच लावला जातो. 'ठरलेल्या वक्ताला येते म्हणजे काहीतरी बाहेरचे आहे.' आजार कसा काय घड्याळ बघून येईल, असा त्यामागचा तर्क. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. डोकेदुखीच्या एका प्रकारात ही ठरलेली वेळ हीच आजाराची सर्वात मोठी खूण आहे. ती ओळखली तर त्यावर एक सोपा उपचार आहे. ओळखली नाही तर माणूस वर्षानुवर्षे भलत्याच दारांवर धक्के खात राहतो.

या प्रकाराला क्लस्टर हेडेक म्हणतात. साधारण हजारात एकाला तो असतो, पुरुषांत जास्त. दुखणे कायम एकाच बाजूला, डोळ्यामागे किंवा कानशिलात. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी गळते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते, कधी पापणी खाली येते. झटका पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत चालतो. अर्धशिशीचा रोगी अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. हा रोगी मात्र पडूच शकत नाही. तो येरझाऱ्या घालतो, कपाळ दाबतो, भिंतीवर डोके आपटतो. बघणाऱ्याला ते वेड वाटते किंवा बाधा वाटते.

आमचे दुल्हाभाई सोलापूरला शिलाईचे दुकान चालवतात. त्यांना हा त्रास दरवर्षी ऑक्टोबरअखेरीला सुरू व्हायचा आणि सहा-सात आठवडे चालायचा. सुरुवातीची दोन-तीन वर्षे नेमका तोच रमजानचा काळ होता, त्यामुळे आपाने ठरवून टाकले की रोज्यांमुळे पित्त होते. पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. तो सरकत सप्टेंबरात गेला, तरी डोकेदुखी ऑक्टोबरअखेरीची तारीख सोडेना. ती चंद्राच्या नव्हे, सूर्याच्या कॅलेंडरवर चालत होती.

दरम्यान एका दातांच्या डॉक्टरांनी डाव्या बाजूच्या वरच्या दोन दाढा काढल्या होत्या. दुसऱ्या एकांनी सायनस म्हणून अँटिबायोटिक दिले. तिसऱ्यांनी अर्धशिशीच्या गोळ्या दिल्या. मग एक तावीज झाला. आणि गंमत अशी की यातल्या प्रत्येक गोष्टीने एकेका वर्षी 'गुण आला'. कारण हंगाम सहा-सात आठवड्यांनी आपोआप संपतोच. संपण्याच्या सुमारास जो उपचार चालू असेल, श्रेय त्याला मिळते. गोळीचेही तसेच. साधी वेदनाशामक गोळी पोटातून रक्तात उतरून काम सुरू करेपर्यंत पाऊण तास जातो, तोवर झटका स्वतःच ओसरलेला असतो. रोगी म्हणतो, गोळी लागू पडली. मला तावीजवाल्याइतकाच राग दाढा काढणाऱ्याचा येतो. तावीज निदान परत सोडता येतो.

आता घड्याळाबद्दल. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, हायपोथॅलॅमस नावाचा बोटाच्या पेराएवढाही नसलेला भाग आहे. झोप, भूक, शरीराचे तापमान यांचे वेळापत्रक तिथून चालते. त्यातच शरीराचे मुख्य घड्याळ आहे. ते डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर स्वतःला रोज जुळवून घेते आणि रात्र झाली की मेलाटोनिन सोडण्याचा हुकूम देते. १९९८ साली लंडनमधल्या संशोधकांनी क्लस्टरच्या रोग्यांना औषध देऊन मुद्दाम झटका आणला आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन घेतले. हायपोथॅलॅमसचा मागचा भाग त्यात उजळलेला दिसला. रोग्यांच्या रक्तातले मेलाटोनिनही हंगामात रात्री कमी भरते, असे आढळले आहे. म्हणजे जिथे घड्याळ आहे, त्याच मोहल्ल्यात बिघाड आहे.

तिथून पुढचा रस्ता असा. चेहऱ्याच्या संवेदना नेणारी मोठी नस चेतवली जाते आणि डोळ्यामागे सळई खुपसल्यासारखी वेदना होते. ही नस मेंदूच्या देठात दुसऱ्या एका नसेला जागे करते, जिचे काम अश्रू आणि नाकातले पाणी सोडणे हे आहे. म्हणून त्याच बाजूचा डोळा गळतो आणि नाक चोंदते. सायनस स्वच्छ असतात. खोटी तक्रार नसेने केलेली असते.

दहापैकी सुमारे सात रोग्यांत झटक्याची वेळ अशी ठरलेली दिसते आणि बहुतेकांची ती रात्री उशिराची असते. अनेकांना डोळा लागल्यावर तास-दीड तासाने जाग येते. दुल्हाभाई बाराला झोपायचे, दीडला उठून बसायचे. घाबरून त्यांनी रात्रीची झोप कमी केली आणि दुपारी दुकानात पाठ टेकायला लागले, तर झटका दुपारीही यायला लागला. हंगामात दुपारची डुलकी हे झटक्याला आमंत्रणच ठरते. दारूचेही तेच. हंगामात एक पेला पुरतो, हंगाम नसताना तोच माणूस प्याला तरी काही होत नाही. दुल्हाभाईंच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता, पण विचारणाऱ्या डॉक्टरांनी तो विचारला जरूर.

हे डॉक्टर तरुण मेंदूविकारतज्ज्ञ होते. त्यांनी आधी फाइल उघडलीच नाही. किती वाजता, कोणती बाजू, आणि दुखताना पडून राहता की फिरता, एवढेच विचारले. मग दुसरे काही नाही ना याची खात्री करायला एकदा एमआरआय करून घेतला. त्यानंतर झटके कमी करायला व्हेरापामिल सुरू केले. ते हृदयाची गती मंदावू शकते, म्हणून आधी आणि डोस वाढवताना ईसीजी काढायला सांगितला. आणि चालू झटका मोडायला लिहून दिला ऑक्सिजन.

आपाला हे पटेना. 'ह्यांना दम कुठे लागतो?' प्रश्न रास्त होता. या रोग्यांच्या रक्तात ऑक्सिजन कमी नसतो. इथे तो हवेची कमतरता भरायला नाही, औषध म्हणून दिला जातो. शुद्ध ऑक्सिजनने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो अश्रूंच्या त्या दुसऱ्या नसेचा मार्ग शांत करतो असे दिसले आहे. नेमके कारण अजून वादात आहे, परिणाम वादात नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत रोग्यांना मिनिटाला १२ लिटर याप्रमाणे पंधरा मिनिटे कधी ऑक्सिजन, कधी साधी हवा दिली. सिलिंडरात काय आहे हे त्यांना माहीत नव्हते. ऑक्सिजनने ७८ टक्के झटक्यांत पंधरा मिनिटांत वेदना गेली किंवा पुरेशी उतरली, साध्या हवेने २० टक्क्यांत.

तरीही दुल्हाभाईंच्या घरी पहिल्या आठवड्यात ऑक्सिजन सपशेल फसला. सिलिंडर भाड्याने देणाऱ्याने नाकात घालायची नळी दिली आणि काटा चारवर लावून दिला, कारण दम्याच्या म्हाताऱ्यांना तो तसाच लावून द्यायचा. नाकातल्या नळीभोवतून खोलीतली हवा आत येते आणि शुद्ध ऑक्सिजन पातळ होतो. चार लिटरने क्लस्टरला काही होत नाही. माझ्या मते 'ऑक्सिजन करून बघितला, उपयोग नाही' असे सांगणाऱ्या बऱ्याच रोग्यांनी ऑक्सिजन खरा घेतलेलाच नसतो.

हवा तो मास्क वेगळा. त्याला खाली प्लास्टिकची पिशवी असते आणि सोडलेला श्वास परत आत येऊ न देणाऱ्या झडपा असतात. दुकानात त्याला नॉन-रिब्रीदर म्हणतात. आधी पिशवी फुगू द्यायची, मग मास्क घट्ट बसवायचा, काटा १२ ते १५ वर ठेवायचा, खुर्चीत ताठ बसून किंचित पुढे वाकायचे आणि पंधरा-वीस मिनिटे संथ श्वास घ्यायचा. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतो आहे. आणि उशीर करायचा नाही. वेदना शिगेला पोहोचल्यावर लावलेला मास्क कमी काम करतो.

दुल्हाभाईंनी मापे लिहायच्या वहीत नोंद ठेवली. मास्क बदलल्यानंतरची पहिली ओळ: सुरू १:३५, मास्क १:४०, बंद १:५२. पुढच्या पानांवर दोन नोंदी अशा आहेत की तासाभराने झटका परत आला आणि पुन्हा मास्क लावावा लागला. तसे होते. ऑक्सिजन चालू झटका मोडतो, उद्याचा थांबवत नाही आणि हंगामही लवकर संपवत नाही. त्यासाठी व्हेरापामिल. पण दिवसातून कितीदा घ्यावा याला ऑक्सिजनमध्ये सुमाट्रिप्टानच्या इंजेक्शनसारखी मर्यादा नाही, आणि ते इंजेक्शन ज्यांना देता येत नाही अशा हृदयरोग्यांनाही तो चालतो. सावध राहायचे ते फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी. या रोग्यांत विडी-सिगारेट ओढणारे बरेच असतात, त्यामुळे छाती तपासल्याशिवाय परस्पर सिलिंडर आणू नये.

रमजानमध्ये दिवसा झटका आला तर काय, हा प्रश्न आमच्याकडे आलाच. जेद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या ठरावात रोजा न तुटणाऱ्या गोष्टींमध्ये ऑक्सिजन वायूचा उल्लेख केला आहे. वेदना सोसत मगरिबची वाट बघायचे कारण नाही.

कोविडनंतर पुष्कळ घरांत ऑक्सिजनचे कॉन्सन्ट्रेटर पडून आहेत. पाच लिटरचे ते यंत्र इथे कामाचे नाही, सिलिंडरच लागते. हिशेब सोपा आहे. मिनिटाला १२ लिटर, पंधरा मिनिटे, म्हणजे एका झटक्याला १८० लिटर. बी-टाइप सिलिंडरात सुमारे १५०० लिटर असतात, म्हणजे आठ झटके. दिवसाला दोन झटके येत असतील तर चौथ्या दिवशी रिकामे. ७००० लिटरचे मोठे सिलिंडर अडतीस झटके पुरते, पण ते तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार. ते भिंतीला साखळीने बांधावे, जवळ चूल किंवा विडी नको आणि झडपेला तेल-तूप लागलेला हात नको, कारण शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलकट गोष्टी सहज पेट घेतात.

माझी मागणी डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरती आहे. तिच्यावर नुसते 'ऑक्सिजन' लिहू नका. पिशवीचा नॉन-रिब्रीदर मास्क, १२ ते १५ लिटर, झटका सुरू होताच वीस मिनिटांपर्यंत, असे पूर्ण लिहा. चिठ्ठीत जे लिहिलेले नसते, ते सिलिंडरवाला आपल्या मनाने भरतो.