दप्तर घेताना आधी रिकामे तोला

तिसरीतल्या मुलाचे वजन 22 किलो असेल, तर त्याचे भरलेले दप्तर 2.2 किलोच्या वर जाऊ नये. 2020च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने ही दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. दुकानात मात्र दप्तर चित्र पाहून निवडले जाते. ते रिकामेच 900 ग्रॅमचे निघाले, तर वह्या-पुस्तके, डबा आणि पाणी यांसाठी उरतात 1300 ग्रॅम. म्हणून रिकामे दप्तर अर्ध्या किलोच्या आसपासच हवे. पाठीकडच्या गादीमुळे पुस्तकांचे कोपरे टोचत नाहीत, पण ओझे हलके होत नाही. अरुंद पट्टा खांद्यात रुततो. तो निदान 5 सेंटिमीटर रुंद असावा. भरलेले दप्तर चढवून मुलाला बाजूने पाहावे. तो पुढे झुकला, तर ओझे जास्तच आहे.