वुजू झाला, मग हात धुवायचे कशाला?

हा प्रश्न माझ्या सहा वर्षांच्या भाच्याचा. मे महिन्याच्या सुटीत तारकर्लीला सगळी भावंडं जमली होती. मगरिबची नमाज झाली, दस्तरखान अंथरला गेला आणि मी साबण पुढे केला तर तो म्हणाला, “मी आत्ताच वुजू केलाय, खाला. हात पाक आहेत.” दादी हसली, पण तिच्याकडेही चटकन उत्तर नव्हतं. नमाजेनंतर तो अंगणात मांजराशी खेळला होता, हे मला दिसलं होतं. पण तेवढं सांगून भागलं नसतं. वुजूनं माणूस इबादतीसाठी पाक होतो, हे त्याला मदरशात शिकवलंय आणि ते खरंच आहे. जेवणाआधी साबण कशाला, हा त्याच्या दृष्टीनं दुसराच विषय होता आणि तो त्याला कुणी शिकवलाच नव्हता. म्हणून या महिन्याचा पाठ चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी, हातांचा.

पाठ तीन दिवसांचा आहे आणि पहिल्या दिवशी चमकी लागते. राख्यांच्या किंवा हस्तकलेच्या दुकानात मिळते ती बारीक चमकी, चिमूटभर. सोबत खोबरेल तेल, आंघोळीचा साबण, दोन पराती, जुनं सुती फडकं आणि मोबाइलची बॅटरी. तीन वर्षांखालचं मूल असेल तर त्याला दूर ठेवा. चमकी डोळ्यांत गेली तर फार त्रास देते. वेळ नमाजेची नसावी, हेही आधीच सांगते. चमकीचा थर कातडीवर चिकटून राहिला तर वुजूचं पाणी त्याखाली पोचत नाही, आणि मग मोठ्यांनाच घासत बसावं लागतं. आम्ही सकाळी दहाला बसलो.

मुलांना आधी एवढंच सांगितलं की जंतू नावाचे फार लहान जीव असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून आज चमकीला जंतू समजायचं. मग एकाच मुलाच्या तळहातावर तेलाचे तीन-चार थेंब चोळले आणि वर चमकी भुरभुरली. तेल हवंच. कोरडी चमकी झटकली की पडते आणि प्रयोग फसतो. बाकी पाचजणांचे हात कोरडे. आता सगळ्यांनी ईदला करतात तसं दोन्ही हातांनी मुसाफहा करायचा. आधी चमकीवाला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, असं शेवटपर्यंत. मग पाच मिनिटं मोकळं सोडलं. कुणी पाणी प्यायलं, कुणी दाराची कडी काढली, कुणी टोपी सारखी केली.

पाच मिनिटांनी बॅटरी लावून चमकी शोधायला लावलं. शेवटच्या मुलीनं चमकीला हात लावलाच नव्हता, तरी तिच्या बोटांवर तीन कण निघाले. पेल्याच्या कडेवर होते, कडीवर होते, आणि सगळ्यात जास्त चेहऱ्यांवर, नाकाच्या शेजारी आणि ओठांच्या कोपऱ्यात. “मी तोंडाला हात लावलाच नाही,” असं प्रत्येकजण म्हणत होता. मुलांना हात तोंडाकडे गेल्याचं कळतच नाही. मोठ्यांनाही नाही. दादीच्या गालावर एक कण होता, तिला कुणी काहीच लावलं नव्हतं. नातवानं पापा घेतला होता, इतकंच.

आता धुण्याची पाळी. तिघांच्या हातांवर सारखंच तेल आणि सारखीच चमकी लावली. पहिल्यानं हात नुसते फडक्याला पुसले. दुसऱ्यानं परातीत नुसत्या पाण्यानं तीनदा धुतले, अगदी वुजूसारखे. तिसऱ्यानं साबण लावून मी वीस मोजेपर्यंत चोळले आणि मग पाणी ओतलं. पुसलेल्या हातांवर चमकी नुसती पसरली. पाण्यानं धुतलेल्या हातांवरून थोडी गेली, पण पाणी तेलावरून थेंब थेंब होऊन ओघळलं आणि बरीचशी चमकी जिथल्या तिथे राहिली. साबणाचा हात बराच स्वच्छ निघाला.

असं का, ते भाच्याला मुसाफह्याच्या भाषेत सांगितलं. तेल आणि पाणी एकमेकांना हात देत नाहीत. साबणाच्या कणाला दोन टोकं असतात, एक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. पाणी निघालं की साबण जातो, आणि त्याच्याबरोबर तेल आणि तेलातली चमकी. आपल्या कातडीवर थोडं तेल असतंच, खाण्याचा तुपकटपणाही असतो, आणि जंतू त्यातच अडकून बसतात. म्हणजे साबण बहुतेक जंतूंना मारत नाही, हातावरून सोडवून वाहून नेतो. यासाठी चोळावं लागतं. साबण फासून लगेच पाणी ओतलं तर साबण वाया आणि जंतू जागेवर.

साबणाच्या हातावरही चमकी उरली होती ती ठरलेल्या जागी. दोन्ही अंगठे, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या. तुमच्या घरी प्रयोग केलात तर बहुधा इथेच उरेल. मुलं तळहातावर तळहात घासतात आणि झालं म्हणतात. बेचक्या पाहिल्यावर भाचाच म्हणाला, “इथे खिलाल करायचा असतो ना?” अगदी बरोबर. वुजूत बोटांत बोटं घालून खिलाल करायला त्याला शिकवलं आहे, तीच हालचाल इथे साबणाबरोबर करायची. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यालाच असं मिळालं. वुजू नमाजेसाठी आहे आणि त्यातलं हात धुणं नीट शिकलेल्या मुलाला साबणाचं धुणं अर्धं आधीच येतं.

परातीतलं पाणी मोरीत ओतू नका. चमकी म्हणजे प्लास्टिकचे तुकडे. तारकर्लीला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. मोरीतून गेलेलं कुठे पोचणार ते उघड आहे. पाणी फडक्यातून गाळा, फडकं वाळवा आणि गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका. चमकी वापरायचीच नसेल तर दालचिनीची बारीक पूड तेलात कालवून चालते, फक्त कातडी चुरचुरते का ते आधी बघून घ्या आणि डोळ्यांपासून दूर ठेवा. हळद मात्र घेऊ नका. साबण लागला की हळद लाल होते. आमच्याकडे एकीला ते रक्त वाटलं आणि ती रडायला लागली. शिवाय डाग साबणानंही जात नाही, मग मुलाला वाटतं साबणाचा काही उपयोगच नाही.

दुसऱ्या दिवशी गाणं. वीस सेकंद मोजत बसणं लहान मुलाला जमत नाही, म्हणून हे त्याच्या जागी. ओळींचा क्रम हाच हात चोळण्याचा क्रम आहे, तेव्हा ओळी मागेपुढे करू नका. पहिल्या सहा ओळींत चोळायचं आणि शेवटच्या दोन ओळींत पाणी. घड्याळ लावून बघा. पहिल्या सहा ओळींना वीस सेकंद लागायला हवेत. मूल घाई करत असेल तर अंगठ्याची ओळ प्रत्येक अंगठ्याला एकदा, अशी दोनदा म्हणायला लावा.

तळहाताला तळहात, फेस झाला पांढरा,
पाठीवरून फिरे हात, जसा खाडीत भोवरा.
बोटांमधून बोटं गेली, जाळं कसं विणलं,
अंगठोबा लपला होता, मुठीत त्याला धरलं.
नखं टुकटुक तळव्यावर, कुर्ली वाळू उकरी,
फेसाची मग बांगडी मनगटाला साजरी.
ओत पाणी, गेला फेस, पुसले हात कोरडे,
बिस्मिल्लाह म्हणू आता, वाढा गरम वडे!

घरात बेसिन संडासातच असेल तर शेवटची ओळ तिथे नको, बाहेर दस्तरखानावर आल्यावर म्हणायची. आमच्याकडे मुलांना यातच जास्त मजा आली. ओळ तोंडात धरून पळत यायचं.

आमचा दुसरा दिवस आणखी एका कारणानं अडला. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ होतं आणि त्यात अंगाच्या साबणाला फेसच धरेना. हातावर नुसती पांढरी साय. “फेस झाला पांढरा” म्हणून मुलं थांबून बघायची. अशा पाण्यात हात धुण्याचा पातळ साबण बरा चालतो. नाहीतर गोड्या पाण्याचा एक तांब्या हातांसाठी वेगळा ठेवा. हात ओले केल्यावर चोळताना पाणी बंद ठेवलं तर एका मुलाला तांब्याभर पाणी पुरून उरतं.

तिसऱ्या दिवशी शिकवायचं काही नाही, नुसतं बघायचं. मूल संडासातून बाहेर येतं तेव्हा काय करतं ते बघा. इस्तिंजा पाण्यानं होतो, ही आपली चांगली सवय आहे, पण लहान मूल डावा हात नुसता पाण्याखाली धरून बाहेर येतं. जुलाबाचे जंतू आणि जंतांची अंडी पोटात जातात ती बऱ्याचदा इथूनही. 2016 साली केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता पाहणीत सिंधुदुर्ग सपाट भागातला सर्वांत स्वच्छ जिल्हा ठरला होता. संडास आहेत, प्रश्न साबण कुठे ठेवलाय याचा आहे. आमच्या घरी तो आरशाखालच्या फळीवर होता आणि सहापैकी चार मुलांचा हात तिथे पोचत नव्हता. साबण जाळीच्या पिशवीत घालून मुलांच्या कमरेच्या उंचीवर टांगला, आणि त्या दिवसापासून ओरडावं लागलं नाही. टॉवेलही बघा. एकाच ओल्या टॉवेलला सगळ्यांचे हात पुसले तर तोही मुसाफहाच होतो. प्रत्येकाला छोटा पंचा दिला.

एका मुलीनं मात्र त्या संध्याकाळी जेवायला नकार दिला, ताटात जंतू असतील म्हणून. चमकीच्या प्रयोगाचा हा तोटा आहे, तेव्हा त्याच दिवशी दही समोर ठेवून सांगा की हे दही जंतूंनीच लावलंय, आणि आपल्या पोटातही कामाचे जंतू राहतात. साबण जेवणाआधी, संडासानंतर, नाक शिंकरल्यावर, मांजर-कोंबड्यांना हात लावल्यावर. दर दहा मिनिटांनी नाही. मूल सारखंच धुवायला पळत असेल तर चमकीचं नाव काही दिवस काढू नका, नुसतं गाणं ठेवा.

चौथ्या दिवशी जुहरच्या आधी भाच्याला टोपीच्या शिवणीत एक कण सापडला. तो बोटावर घेऊन आला आणि म्हणाला, “खाला, हा जंतू अजून जिवंत आहे?” मी सांगितलं, चमकी कधी जिवंत नव्हतीच. खरे जंतू हिच्यापेक्षा शेकडो पटींनी लहान, ते असे सापडणार नाहीत. आणि कोरड्या कापडावर त्यातले बरेचसे काही तासांत नाहीतर काही दिवसांत मरून जातात. त्यानं थोडा विचार केला, कण सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि वुजूला गेला. बोटांचा खिलाल करताना गाणं गुणगुणत होता, ते मी थांबवलं.