तक्त्यातला कच्चा आकडा

आमच्या भौतिकशास्त्र विभागाचे सूचनापत्रक जर्नलचे भाग ठरवून देते: उद्देश, साहित्य, सूत्र, कृती, निरीक्षणे, आकडेमोड, निष्कर्ष, चर्चा. यातली निरीक्षणे आणि निष्कर्ष यांच्यातली भिंत पक्की हवी, असे माझे ठाम मत आहे. साधा लंबक घ्या. 20 आंदोलनांना 40.2 सेकंद लागले, तर तक्त्यात 40.2 हेच लिहावे, 2.01 सेकंद हा आवर्तकाल आकडेमोडीत येतो. आता दोरा गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजला आणि लांबी 99 सेंटिमीटर धरली, तर गुरुत्वत्वरण 9.67 येते. आमच्या मुरगूड गावाच्या अक्षांशाला आणि उंचीला ते सुमारे 9.78 असायला हवे. तफावत दिसली की मुले मोजलेली वेळच बदलतात. उत्तर चुकले की गुण जातात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण कच्चा आकडा शाबूत असेल तरच चूक सापडते: गोळ्याची 1 सेंटिमीटर त्रिज्या लांबीत मिळवली, की त्याच 40.2 सेकंदांतून 9.77 मिळते. ही दुरुस्ती आकडेमोडीत दाखवावी, तिचे कारण चर्चेत लिहावे आणि निष्कर्षात फक्त किंमत, एकक व संभाव्य त्रुटी द्यावी.