चुकलेला आकडा आणि रकमेची मालकी

मृगाच्या आगेमागे भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी काजव्यांचा मोसम आला म्हणजे शेंडीच्या तंबूवाल्यांकडे पुण्या-मुंबईहून आगाऊ रकमा येऊ लागतात. आणि डोंगरातून तुटक येणाऱ्या आवाजात मोबाइल क्रमांकातील ‘एकोणसत्तर’चे ‘एकोणसाठ’ ऐकू गेले, तर समजा तीन हजार रुपये यूपीआयने भलत्याच्याच खात्यात रुजू होतात. आधार क्रमांकातील अखेरचा आकडा केवळ पडताळणीसाठी असल्यामुळे तेथील एका अंकाची चूक यंत्रास कळते. मोबाइल क्रमांकात तशी तजवीज नाही. पडद्यावर खातेदाराचे नाव उमटते खरे, पण खाते तंबूवाल्याच्या भावाच्या नावे असेल, अशी समजूत घालून मनुष्य पुढे जातो.

यावर ‘बँकेस सांगा, ती व्यवहार उलटवील’ असे जे म्हणतात, त्यांचे म्हणणे ग्राह्य नाही. कारण खात्यात जमा झालेली रक्कम खातेदाराच्या संमतीवाचून काढून घेण्याचा अधिकार बँकेस सहसा नसतो, आणि तो असता तर कोणाचीच जमा निर्धास्त राहिली नसती. उलट ‘गेले ते गेले’ म्हणणाऱ्यांचा पक्षही तितकाच लटका आहे: 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 72 वे कलम चुकीने मिळालेली रक्कम परत करण्याचे दायित्व घेणाऱ्यावर टाकते. रक्कम त्याच्या खात्यात गेली, एवढ्याने ती त्याची झाली नाही.

तिसरा सल्ला सर्वांत गोड, म्हणून सर्वांत घातक: त्या अनोळखी गृहस्थास वारंवार फोन करून पैसे मागावे. ‘चुकून आले, परत पाठवा’ हीच हल्लीच्या ठकांचीही भाषा असल्याने सावध मनुष्य अशा तगाद्याला दाद देणार नाही, आणि देऊही नये. म्हणून एकच सभ्य निरोप धाडून, परतफेड बँकेमार्फतच करावी असे त्यास कळवावे. तंबूच्या तारखेचा निरोपही तिकडेच गेला असेल, तर तो पुसण्याच्या खटपटीपूर्वी खऱ्या तंबूवाल्यास फोन लावावा. पुसल्याने जागा राखली जात नाही.

त्याच दिवशी ॲपमधील त्या व्यवहारावर तक्रार नोंदवून, व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम, इच्छित व प्रत्यक्ष क्रमांक नमूद केलेला लेखी अर्ज आपल्या बँकेत द्यावा आणि पोच घ्यावी. आपली बँक समोरच्या बँकेस लिहिते, ती आपल्या खातेदाराची संमती मागते. या चुकीस फसवणूक म्हणून सायबर हेल्पलाइन 1930 वर वर्दी देणे मात्र असत्य ठरेल. 30 दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा ते असमाधानकारक असले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पण तो बँकेच्या हयगयीचा विचार करील, घेणाऱ्याच्या हट्टाचा नव्हे. त्या हट्टावर उपाय वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा. तीन हजारांसाठी दाव्याचा खर्च परवडेलच असे नाही, पण नोटीस बहुधा परवडते.