डिश काढायच्या आधी हिशोब तर करा!

‘आई, डिश काढून टाक गं, ओटीटी स्वस्त पडतं!’ अष्टमीत काय नि पुलापलीकडे रोह्यात काय, हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी फेकलेलं असतं. पण हिशोब आपण अर्धाच करतो.

आजी, आई, बाबा आणि आपण, असं चौघांचं घर धरू. २०२५ मधले दर घेतले तर नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन महिना १९९ रुपये. प्राइम वर्षाला १४९९, म्हणजे महिना साधारण १२५. जिओहॉटस्टारचा सुपर प्लॅन तीन महिन्यांना २९९, म्हणजे महिना १००. बेरीज ४२४.

आता डिश. बिलात दोन भाग असतात: कनेक्शनचं भाडं, म्हणजे नेटवर्क फी, आणि पैसे देऊन घेतलेले चॅनल. फी १३० आणि चॅनल १०० रुपयांचे धरले, तर १८ टक्के जीएसटीसह २७१ रुपये होतात. फरक दीडशेचा, आणि तोही डिशच्या बाजूने!

खरी गोम पुढे आहे. ओटीटी हवेत चालत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही लावला तर एचडीमध्ये तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो. रोज दोन जीबीचं रिचार्ज आजीची दुसरी मालिका पूर्ण होण्याआधीच संपतं. म्हणजे वायफाय आलं. ३९९ चा प्लॅन घेतला तर जीएसटी धरून ४७१. एकूण खर्च जातो ८९५ वर.

शिवाय आजीला ‘स्टार प्रवाह’ही लागतं आणि ‘झी मराठी’ही. डिशवर हे रिमोटचं एक बटण. ओटीटीवर एक जिओहॉटस्टारवर, दुसरं झी५ वर, म्हणजे अजून एक वर्गणी. आणि नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन एका वेळी एकाच स्क्रीनवर चालतो. आपण बघत असलो की बाबांनी थांबायचं.

म्हणून डिशच चांगली, असंही नाही. कोकणातल्या पावसात जोराची सर आली की सिग्नल जातो, हे आपल्याला सांगायला नको. आणि पॅकमध्ये कधीच न लावलेले चॅनल ढिगाने असतात.

माझं मत सरळ आहे. घरात अभ्यासासाठी वायफाय आधीच असेल, तर त्याचे ४७१ ओटीटीच्या खात्यात धरू नका; मग डिश काढायचा विचार रास्त आहे. वायफाय नसेल तर डिश ठेवा, पण पॅक छाटा. आठवडाभर कुठले चॅनल खरंच लागले ते कॅलेंडरच्या मागे लिहा, बाकीचे काढा. जोडीला एका वेळी एकच ओटीटी घ्या, बघून झालं की बंद करा आणि पुढच्या महिन्यात दुसरं घ्या.

आणि हो, यादी करताना आजीला विचारा. टीव्हीसमोर सगळ्यात जास्त वेळ तीच बसते.