आजीचे बोलणे लिहिताना

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या मुखातली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली, तीही त्यांच्याच बोलीत. घरातील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रणावरून लिहिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

समजा, धुळ्याकडील आजी अहिराणीत सांगते, ‘मना बाप वावरमा गया, गया तो गयाच.’ आपला सुशिक्षित हात लिहितो, ‘माझे वडील शेतात गेले, ते परतलेच नाहीत.’ अर्थ राहिला. पण ‘बाप’चे ‘वडील’ होताच जवळीक गेली आणि ‘गया’च्या पुनरुक्तीतला धक्काही गेला. म्हणून पहिला खर्डा ऐकू येईल तसाच करावा. दुसऱ्या खर्ड्यात आपले प्रश्न, खोकला, अडखळणे गाळावे; क्रम मात्र बदलू नये. लग्नाचे सांगता सांगता ती दुष्काळाकडे वळली, तर ते वळण तिच्या स्मरणाचे आहे. ‘वावरमा’चा अर्थ तळटीपेत द्यावा, तिच्या वाक्यात घुसवू नये.

प्रत्येक उच्चार लिपीत पकडण्याचा अट्टहासही मला मान्य नाही. ‘शाळा’ला ती ‘शाया’ म्हणत असेल तर तसेच, पण सर्वत्र एकसारखे लिहावे. बोलण्यातला हेल कागदावर उतरत नाहीच.

मग मजकूर तिलाच वाचून दाखवावा. जिथे ती ‘हे माझे बोलणे नव्हे’ म्हणेल, तिथे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे. बहुधा आपलाच शब्द शिरलेला असतो. एखादे नाव गाळायला तिने सांगितले, तर ते निमूटपणे गाळावे.